राउंड रॉबिन पार्ले: अ‍ॅपने मला ९.६७ डॉलर जास्त कसे दिले?

एडिसनकर · सोमवार, सकाळी ८:४०

मंडळी, आधीच सांगतो, हे पार्ले म्हणजे विलेपार्ले नव्हे आणि बिस्किटही नव्हे. अमेरिकेत दोन-चार सामन्यांचे अंदाज एका स्लिपमध्ये गुंफतात, सगळे बरोबर आले तरच पैसे मिळतात, ते पार्ले. मी न्यू जर्सीत राहतो, इथे हे २०१८ पासून कायदेशीर आहे. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात रविवारी थोडेसे लावतो, बायकोला माहीत आहे, तेव्हा प्रवचन नको.

काल पहिल्यांदाच राउंड रॉबिन लावलं. चार सामने, दोन-दोनच्या जोड्या. भाव असे होते:

अ : −१५० (नुसतं जिंकायचं)
ब : −११० (स्प्रेड −३, म्हणजे तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकायचं)
क : +१३० (नुसतं जिंकायचं)
ड : +२०० (नुसतं जिंकायचं)

रकमेच्या चौकटीत १० टाकले आणि खात्यातून ६० गेले! तो धक्का पचवला. संध्याकाळी अ जिंकला, क जिंकला, ड हरला, आणि ब बरोबर तीन गुणांनी जिंकला. म्हणजे ब पुश, ना हार ना जीत.

ऑफिसातल्या जाणकाराने हिशोब करून दिला. अ-क ही एकच जोडी पूर्ण जिंकली, तिचे ३८.३३. ज्या तीन स्लिपमध्ये ब आहे, त्यांचे दहा-दहा परत, म्हणजे ३०. एकूण ६८.३३. पण अ‍ॅपने खात्यात ७८.०० टाकले आहेत.

कमी दिले असते तर भांडलो असतो. जास्त दिलेत तर काय करायचं? उद्या चूक झाली म्हणून परत ओढून घेतील का?

---

क्रिकेटवेडा_सातारा · सोमवार, सकाळी ९:०५

राउंड रॉबिन म्हणजे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो ते. १९९२ च्या वर्ल्डकपला होतं, नऊ संघ, ३६ लीग सामने. टाय झाला तर दोघांना एकेक गुण. तुमच्या ब ला एक गुण मिळाला असणार, तेच जास्तीचे पैसे.

---

एडिसनकर · सोमवार, सकाळी ९:११

दादा, गुण नाही हो, डॉलर. आणि माझे चार संघ एकमेकांशी खेळत नव्हते, चार वेगवेगळ्या सामन्यांतले होते.

---

खिडकीवरची · सोमवार, सकाळी ९:५२

मी अटलांटिक सिटीत एका कॅसिनोच्या बेटिंग काउंटरवर चार वर्षं तिकिटं काढली आहेत. हा प्रश्न दर सोमवारी यायचा, फक्त बहुतेकांची तक्रार उलटी असायची.

सातारकर, तुम्ही चुकून नेमकं सांगितलंत. एडिसनकरांचे संघ मैदानात भेटले नाहीत, पण स्लिपवर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लागलीच. नऊ संघांचे ३६ सामने होतात, तशा चार अंदाजांच्या सहा जोड्या होतात. म्हणून दहाचे साठ झाले. चौकटीत लिहायची ती दर जोडीची रक्कम असते, एकूण नव्हे. काही अ‍ॅपमध्ये दोन्ही चौकटी शेजारी असतात आणि माणूस घाईत चुकीच्या चौकटीत लिहितो. तुमचं साठावर निभावलं. एका गृहस्थांनी आठ सामने तीन-तीनने घेतले आणि "दहा" म्हणाले. त्या ५६ स्लिपा होतात. मी ५६० डॉलर मागितल्यावर त्यांचा चेहरा जो झाला!

आता तुमचे ७८. ते बरोबर आहेत, कुणी परत ओढणार नाही. जाणकाराचं चुकलं कुठे, तर पुश झाला म्हणून स्लिपचे पैसे परत मिळतात असं त्याने धरलं. एकट्या बेटला मिळतात. पार्लेमध्ये मात्र पुश झालेला सामना फक्त गळून पडतो आणि उरलेल्यावर स्लिप चालू राहते. दोघांतला एक गळला की उरलेली साधी, एकेरी बेट.

आधी अमेरिकन भाव गुणाकारात आणा. −१५० म्हणजे १५० लावले तर १०० नफा, दर डॉलरला एकूण १.६६६७ हातात. −११० चे १.९०९१. +१३० म्हणजे १०० लावले तर १३० नफा, एकूण २.३०, तसेच +२०० चे ३.००. पुश म्हणजे १, कारण एकने गुणलं की काही बदलत नाही. हरला तर ०.

अ-ब : १.६६६७ × १ → १६.६७
अ-क : १.६६६७ × २.३० → ३८.३३
अ-ड : ०
ब-क : १ × २.३० → २३.००
ब-ड : ०
क-ड : ०

बेरीज ७८.००. साठ लावले होते, अठरा नफा.

जाणकाराने अ-ब ला दहा दिले, मिळायचे होते १६.६७. ब-क ला दहा दिले, मिळायचे होते २३. आणि ब-ड ला दहा दिले, तिथे काहीच मिळायचं नव्हतं, कारण ब गळल्यावर उरलेला ड हरलेला आहे. ६.६७ आणि १३ वाढले, १० घटले. तुमचे ९.६७ हेच.

---

एडिसनकर · सोमवार, सकाळी १०:२०

ताई, डोळे उघडले. ब-ड ची गोष्ट तर लक्षातच आली नव्हती. म्हणजे ब तीनऐवजी चार गुणांनी जिंकला असता तर?

---

खिडकीवरची · सोमवार, सकाळी १०:४१

तर अ-ब ३१.८२, अ-क ३८.३३, ब-क ४३.९१. एकूण ११४.०६. आणि दोन गुणांनीच जिंकला असता, तर नुसते अ-क चे ३८.३३, म्हणजे साठातले २१.६७ गेले. एका गुणाने तुमचा रविवार कुठून कुठे गेला असता बघा. एनएफएलमध्ये सामने सगळ्यात जास्त वेळा तीन गुणांच्या फरकाने संपतात, कारण फील्ड गोल तीनचा असतो. म्हणून −३ आणि −३.५ मध्ये दिसायला अर्ध्याचं अंतर, पण −३.५ असतं तर कालचा ब सरळ हरला असता.

---

लंडनचा_बाळ्या · सोमवार, दुपारी १२:१५

आमच्याकडे यालाच इतकी नावं आहेत की विचारू नका. चार घोडे घेऊन त्यांच्या दोन-दोनच्या, तीन-तीनच्या आणि चौघांची एक, अशा सगळ्या स्लिपा लावल्या की ती यांकी, एकूण अकरा. सहा, चार आणि एक. घोडा धावलाच नाही तर तोही असाच गळतो. गंमत म्हणजे नाव यांकी आणि यांकींच्या देशात कुणाला ते माहीत नाही.

---

सॅनहोजेचा_राजा · सोमवार, दुपारी १:३०

एडिसनकर, राउंड रॉबिन हा एकदम शहाणा प्रकार आहे. मी वेगासला गेलो की तेच लावतो (आमच्या कॅलिफोर्नियात अजून बंद आहे). साधा पार्ले एका सामन्याने मरतो. राउंड रॉबिनमध्ये विमा असतो. माझा नियम: पाच सामने, दोन-दोन, दहा जोड्या, दहा-दहा डॉलर. पाचातले तीन आले की नफाच. तीन तर कुणाचेही येतात.

---

खिडकीवरची · सोमवार, दुपारी २:०८

राजे, अर्धं खरं आहे. सगळे भाव −११० असतील तर पाचातले तीन आले की तीन जोड्या जिंकतात, प्रत्येकी ३६.४५, एकूण १०९.३४. शंभरावर नऊ डॉलर चौतीस सेंट. नफा आहे, कबूल.

पण हेच शंभर डॉलर पाच सामन्यांवर वीस-वीस असे एकेरी लावले असते तर? तीन जिंकल्यावर ११४.५५. म्हणजे तुमच्या आवडत्या "पाचातले तीन" ला एकेरी बेटच जास्त देते. दोन आले तर एकेरीत ७६.३६ परत येतात, तुमच्याकडे एकच जोडी, ३६.४५. विमा म्हणता तो कुणाच्या तुलनेत? पाचांच्या एका मोठ्या पार्लेच्या तुलनेत हो. एकेरीच्या तुलनेत उलट, तुम्ही जोखीम वाढवली आहे. त्याचा मोबदला चार-पाच आल्यावर मिळतो. चारला तुम्हाला २१८.६८, एकेरीला १५२.७३. पाचही आले तर ३६४.४६ आणि १९०.९१.

आणि फेव्हरिट घेऊन बसलात तर तो नियमही मोडतो. पाचही सामने −२०० चे घ्या, दर डॉलरला १.५०. जोडीचे २.२५, दहाला २२.५०. तीन आले, तीन जोड्या, ६७.५०. पाचातले तीन जिंकून साडेबत्तीस डॉलरचं नुकसान! काउंटरवर हेच लोक तावातावाने यायचे, "तीन जिंकले, पैसे कुठे?" म्हणून.

---

सॅनहोजेचा_राजा · सोमवार, दुपारी २:२५

−२०० चे पाच कोण घेतं?

---

खिडकीवरची · सोमवार, दुपारी २:३१

सगळे. "खात्रीचे" म्हणून.

---

मी_माहीमची · सोमवार, दुपारी ३:१०

मी यातलं काही लावत नाही, पण संख्याशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. ताईंचा एकेरीशी तुलनेचा मुद्दा एक पाऊल पुढे नेते.

−११० भावाला जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर एकेरी बेटचे शंभर डॉलर सरासरीने ९५.४५ होतात. साडेचार बुकीचे. दोनच्या जोडीत हा तोटा दोनदा गुणला जातो, शंभराचे ९१.१२ उरतात. तीन-तीनच्या स्लिपांत ८६.९७. राउंड रॉबिनमध्ये दहा जोड्या लावल्या म्हणजे त्याच जोडीच्या दहा प्रती झाल्या. शंभराचे सरासरीने ९१.१२ च राहतात, एक सेंटही सुधारत नाही.

बदलतो तो फक्त निकालांचा पसारा. राजांच्या पाच सामन्यांत निम्म्या वेळा दोन किंवा त्याहून कमी येतात आणि नुकसान होतं. निम्म्या वेळा तीन किंवा जास्त येतात. त्यातही बहुतेकदा तीनच येतात आणि ते नऊ डॉलर हातात पडतात. दोन आले की जातात साडेत्रेसष्ट. आणि तीन येण्याची शक्यता दोन येण्याइतकीच.

---

सॅनहोजेचा_राजा · सोमवार, दुपारी ३:४४

मॅडम, निम्मी शक्यता तुम्ही धरलीत. मी अभ्यास करून लावतो. माझे साठ टक्के येत असतील तर?

---

मी_माहीमची · सोमवार, दुपारी ४:०२

तर प्रश्नच वेगळा. खरंच साठ टक्के येत असतील तर एकेरीचे शंभर सरासरी ११४.५५ होतात आणि जोडीचे १३१.२१, कारण मग तुमची आघाडीही दोनदा गुणली जाते. पार्ले दोन्हीकडे धार लावतं. फक्त ते साठ टक्के किती शंभर बेटांवर मोजलेत?

---

सॅनहोजेचा_राजा · सोमवार, दुपारी ४:०९

मागच्या वेगास ट्रिपला.

---

क्रिकेटवेडा_सातारा · सोमवार, संध्याकाळी ५:३०

हे साताऱ्यातून लावता येतं का? आयपीएलचे चार सामने घेऊन?

---

धागा_सांभाळणारा · सोमवार, संध्याकाळी ५:४१

नाही. २०२५ च्या कायद्याने भारतात पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. इथे त्याचे आडमार्ग विचारू नयेत, सांगू नयेत. हिशोबाची चर्चा चालू द्या.

---

एडिसनकर · सोमवार, रात्री ९:१५

माहीमच्या मॅडम, खिडकीवरच्या ताई, दोघींचे आभार. एक व्यवहाराचा प्रश्न. दर वेळी सहा-सहा, दहा-दहा जोड्या हाताने मांडायच्या का? मला सामने सुरू असतानाच कळायला हवं की आता ड हरला तर काय उरेल.

---

मी_माहीमची · सोमवार, रात्री ९:५०

दोन-दोनच्या जोड्यांसाठी शाळेतलीच युक्ती आहे. सगळे गुणक मिळवा, बेरजेचा वर्ग करा, त्यातून प्रत्येकाच्या वर्गांची बेरीज वजा करा, निम्मे करा. ती सगळ्या जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज. हरलेल्याचा ०, पुशचा १. गुणक B2 ते B5 मध्ये आणि दर जोडीची रक्कम D1 मध्ये असेल तर:

```
=D1*(SUM(B2:B5)^2-SUMSQ(B2:B5))/2
```

तुमच्या कालच्या स्लिपला: १.६६६७ + १ + २.३० + ० = ४.९६६७. वर्ग २४.६६८. वर्गांची बेरीज ९.०६८. वजा करून निम्मे ७.८०, गुणिले दहा, ७८. सामना चालू असेल तेव्हा ड च्या खान्यात एकदा ३ टाका, एकदा ०. तीन-तीनच्या स्लिपांना हे चालणार नाही, तिथे स्लिपा मांडलेल्याच बऱ्या.

---

खिडकीवरची · सोमवार, रात्री १०:२२

वा! हे मला तेव्हा माहीत असतं तर रविवारची रांग निम्मी झाली असती.

एक मात्र बघा एडिसनकर. हे टाकून एक गंमत दिसेल. तुमच्या चारांतले कुठलेही दोन आले तर एकच जोडी जिंकते, पण अ-ब आले तर साठाचे ३१.८२ आणि क-ड आले तर ६९. दोन्हीकडे "चारातले दोन", एकीकडे निम्मे गेले, दुसरीकडे नऊ नफा. म्हणून किती आले यापेक्षा कुठले आले ते आधी बघायचं. बहुतेकदा येणार फेव्हरिटच, अ आणि ब.

आणि पुशचा नियम लावण्याआधी त्या त्या ठिकाणचा वाचा. अ‍ॅपवर आणि काउंटरच्या नेहमीच्या पार्लेला सामना गळतो, पण छापील पार्ले कार्ड मिळतात त्यांतल्या काहींवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की टाय म्हणजे हार. वेगासला −११० च्या दोन सामन्यांच्या पार्लेला कित्येक ठिकाणी ठरीव भाव असतो, पाचाला तेरा. खरा गुणाकार केला तर नफा दर डॉलरला २.६४ येतो, ते २.६० देतात. राजे, तुमच्या दहा जोड्यांवर तीन आले की १०९.३४ चे १०८ होतात.

---

सॅनहोजेचा_राजा · सोमवार, रात्री १०:४०

म्हणूनच माझे मागच्या वेळी १०८ आले होते! मला वाटलं टॅक्स कापला.

---

लंडनचा_बाळ्या · मंगळवार, पहाटे ४:१०

एकाच सामन्यातले दोन अंदाज राउंड रॉबिनमध्ये टाकता येतात का? उदाहरणार्थ एक संघ जिंकेल आणि त्याच संघाचा क्वार्टरबॅक तीन टचडाउन फेकेल.

---

खिडकीवरची · मंगळवार, सकाळी ९:०१

आमच्या काउंटरवर चालत नव्हतं. एक झालं की दुसरं होण्याची शक्यता वाढते, मग नुसता गुणाकार बुकीला महाग पडतो. काही अ‍ॅप अशी जोडी सरळ अडवतात. काही ती एक जोडी वगळून बाकीच्या घेतात, तेव्हा सहाच्या पाच होतात आणि साठऐवजी पन्नास कापले जातात. म्हणून लावायच्या आधी स्लिपांचा आकडा मोजायचा. चारांच्या सहा दिसल्या नाहीत तर काहीतरी गळलंय.

---

एडिसनकर · पुढचा सोमवार, सकाळी ८:१५

या रविवारी पुन्हा तेच भाव जमले नाहीत, पण −१५० आणि −११० अशी एक जोडी होती आणि दोन्ही आले. बाकीचे दोन हरले. मॅडमचं सूत्र म्हणालं ३१.८२. अ‍ॅपने दिले ३१.८३. ताई, एक सेंट जास्त कसा?

---

खिडकीवरची · पुढचा सोमवार, सकाळी ९:२०

−११० चे १.९०९१ ऐवजी १.९१ धरले असतील. १.६६६७ × १.९१ केलं की ३१.८३ येतात.

---

मी_माहीमची · पुढचा सोमवार, सकाळी ९:३३

मग −१५० चे १.६७ का नाही धरले? तसं धरलं तर ३१.९० यायला हवेत.

---

खिडकीवरची · पुढचा सोमवार, सकाळी ९:४०

हा प्रश्न मला खिडकीवर कुणी विचारला नव्हता.

---

एडिसनकर · पुढचा सोमवार, सकाळी ९:४४

अ‍ॅपवाल्यांना लिहू का? साठातले २८ गेलेत, तर निदान एक सेंटाचा खुलासा मागतो.